टीव्हीला एचडीएमआय स्विच बसवला, पण गेम कन्सोल त्याच्या बाहेरच ठेवला

आमच्या टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या तीन जागा आहेत. त्यातल्या एकीवर एआरसी असं छापलंय, म्हणजे तिच्यातून टीव्हीचा आवाज बाहेरही जातो, आणि तिथे साउंडबार लावलेला आहे, म्हणजे वापरायला उरल्या दोनच. लावायचं मात्र तिघांना होतं: आईच्या मालिकांसाठी सेट-टॉप बॉक्स, धाकट्या भावाचा गेम कन्सोल पीएस४ प्रो आणि मी सिनेमे बघते ती स्ट्रीमिंग स्टिक. टीव्ही स्मार्ट आहे खरा, पण त्यातली अ‍ॅप्स आता इतकी रखडत उघडतात की स्टिकशिवाय भागत नाही. टीव्ही भिंतीवर टांगलेला. दर वेळी मागे हात घालून, अंदाजाने पिन शोधून एक वायर काढायची आणि दुसरी खुपसायची, हे किती दिवस चालणार? अशाने टीव्हीचं सॉकेट सैल होतं, आणि ते बदलणं म्हणजे थेट बोर्डाची दुरुस्ती.

यावर उपाय म्हणजे एचडीएमआय स्विच, अनेक उपकरणं टीव्हीच्या एकाच जागेवर आलटून-पालटून आणणारा डबा. तो आणण्याआधी एक बिनखर्चाची वाट तपासून पाहिली. ज्यांच्याकडे साउंडबार आहे त्यांनी ती जरूर तपासावी. साउंडबार एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल वायरने जोडला की एआरसीची जागा मोकळी होते, कारण तीही बाकीच्यांसारखीच चित्र घेणारी जागा आहे. मग तिन्ही उपकरणं सरळ टीव्हीला लागतात आणि मधे काहीच घालावं लागत नाही. आमचा साउंडबार साधा आहे, त्याच्या आवाजात मला ऑप्टिकलमुळे फरक जाणवला नाही. (अ‍ॅटमॉसवाला साउंडबार असेल तर मात्र फरक पडतो, ऑप्टिकलमधून साधा डॉल्बी डिजिटलच जातो.) अडलं ते रिमोटपाशी. एआरसीच्या वायरीतून नुसता आवाज जात नाही. त्याच वायरीत सीईसी नावाची एक बारीक तार असते आणि तिच्यावरून उपकरणं एकमेकांना निरोप देतात. त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो, टीव्हीबरोबर साउंडबारही चालू-बंद होतो. ऑप्टिकलमध्ये ही सोय नाही. आईला आवाजासाठी वेगळा रिमोट हातात धरावा लागला, आणि दुसऱ्याच संध्याकाळी ती म्हणाली, "हे मला नको, आधीचं होतं तसं कर." तिचं बरोबर होतं. टीव्ही सगळ्यात जास्त तीच बघते.

मग स्विच. भावाच्या मित्राकडे एक तीन जागांचा छोटा स्विच पडून होता. त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर नाही, वर एकच बटण आणि कडेला "4K" छापलेलं. घेण्याआधी नीट कळावं म्हणून तो मागून आणला आणि तिन्ही उपकरणं त्यात लावून स्विचची वायर टीव्हीच्या HDMI 1 ला जोडली. अ‍ॅडॉप्टरशिवाय तो चालतो कसा, असं आईनेही विचारलं. एचडीएमआयच्या वायरीत ५ व्होल्टची एक तार असते. सिग्नल पाठवणारं उपकरण त्या तारेवर थोडीशी वीज पुरवतं, नियमाप्रमाणे निदान ५५ मिलिअँपिअर. असे छोटे स्विच तेवढ्यावरच चालतात.

सेट-टॉप बॉक्स पहिल्या फटक्यात लागला. चित्र स्वच्छ, आवाज साउंडबारमधून. पीएस४ प्रो लावला आणि पडद्यावर पांढरे-हिरवे ठिपके चमकू लागले. मधेच दोन-तीन सेकंद सगळं काळं व्हायचं, मग चित्र परत यायचं, पुन्हा जायचं. "ताई, परत गेलं बघ," असं भाऊ दर मिनिटाला म्हणत होता.

एचडीएमआयच्या बाबतीत ही खूण ओळखून ठेवावी. जुन्या अँटेनाच्या टीव्हीसारखं इथलं चित्र हळूहळू धूसर होत नाही. सिग्नल काठावर आला की आधी एकेक ठिपका चुकतो, त्याचे चमकते कण दिसतात. त्याहून खाली गेला की टीव्हीला ताळमेळच लागत नाही आणि पडदा काळा होतो. म्हणून ठिपके दिसले की वायर, स्विच किंवा सॉकेट यांपैकी काहीतरी पुरेसं पडत नाहीये, असं समजावं. उपकरण बिघडलेलं असण्याची शक्यता तेव्हा कमी असते.

यांतलं नक्की काय, ते एकेक गोष्ट वगळत शोधलं. कन्सोलची तीच वायर स्विचमधून काढून सरळ टीव्हीला लावली, चित्र स्वच्छ आलं. म्हणजे ती वायर चांगली, टीव्ही चांगला, कन्सोलही चांगला. स्विचपासून टीव्हीपर्यंत जाणारी वायरही तशीच कन्सोलपासून सरळ टीव्हीला लावून पाहिली, चित्र स्वच्छच आलं. म्हणजे दुसरी वायरही निर्दोष. स्विचची दुसरी जागा वापरून पाहिली, तरी तेच. उरला फक्त स्विच.

पण मग त्याच्यावर "4K" का छापलंय? ते पीएस४ प्रोच्या सेटिंगमध्ये कळलं. Settings, Sound and Screen, Video Output Settings, Resolution असं आत गेलं की ४के साठी दोन पर्याय दिसतात: `2160p - RGB` आणि `2160p - YUV420`. पहिल्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग पूर्ण पाठवला जातो. दुसऱ्यात उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा जातो, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकदाच, त्यामुळे माल निम्मा होतो. सेकंदाला ६० चित्रांच्या ४के साठी पहिल्या पर्यायाला वायरीतून सेकंदाला सुमारे १७.८ गिगाबिट न्यावे लागतात, दुसऱ्याला सुमारे ८.९. मागून आणलेला स्विच एचडीएमआय १.४ च्या काळातला, म्हणजे १०.२ गिगाबिटपर्यंतचा. त्या मापात पूर्ण रंगाचं ४के बसतं, पण सेकंदाला ३० चित्रांचंच. छापलेलं खोटं नव्हतं, आमच्या कामापुरतं अपुरं होतं.

पर्याय बदलून `2160p - YUV420` केला आणि ठिपके गायब झाले. मेनू स्वच्छ, बिनएचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्तीचा पल्ला न वापरणारा एक गेमही स्वच्छ. भाऊ खूश झाला, पण मी त्याला एचडीआरवाला गेम लावायला सांगितला. पीएस४ मेनूमध्ये एचडीआर वापरत नाही, तसा गेम सुरू झाला की मगच सिग्नल बदलतो. गेमचं पहिलं चित्र यायच्या क्षणाला पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. एचडीआरमध्ये प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १० बिट लागतात, त्यामुळे ८.९ चे सुमारे ११.१ गिगाबिट होतात. म्हणजे १०.२ च्या थोडंसं वर. आकड्यांत हा फरक लहान वाटतो, पण ज्याने मेनू पाहूनच "चालतंय" म्हटलं असतं त्याला तो गेमच्या वेळी गाठणारच होता. स्विच तपासायचा तर सगळ्यात जड सिग्नल लावून तपासायला हवा.

या सगळ्यात मला एक प्रश्न पडला होता. कन्सोल तर टीव्हीला काय झेपतं ते आधी विचारून घेतो, मग स्विचला न झेपणारं त्याने पाठवलंच कसं? याचं उत्तर समजलं तेव्हा बाकीच्या बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. वायर लावली की उपकरण टीव्हीकडून एक छोटी माहिती वाचून घेतं. तिला ईडीआयडी म्हणतात. मी कोणत्या आकाराचं चित्र दाखवतो, एचडीआर जमतं का, किती वेगाचा सिग्नल घेतो, असं टीव्हीने त्यात लिहिलेलं असतं. साधा स्विच ही माहिती जशीच्या तशी पलीकडे जाऊ देतो. त्यामुळे कन्सोलला टीव्हीचं १८ गिगाबिटचं आश्वासन दिसतं, मधला डबा दिसतच नाही. आणि एचडीएमआय २.० पर्यंतच्या जोडणीत वाट खरोखर तेवढी रुंद आहे का, हे आधी सिग्नल पाठवून पारखण्याची पद्धत नाही. ती २.१ मधल्या नव्या वेगवान पद्धतीत आली. म्हणून कन्सोल विश्वासाने पूर्ण सिग्नल सोडतो आणि तो स्विचमध्ये अडखळतो. पडद्यावर कुठेही "स्विच कमी पडतोय" असा संदेश येत नाही, येऊच शकत नाही.

यातूनच आमची मांडणी ठरली. स्विच कितीही चांगला असला तरी ती सिग्नलच्या वाटेवरची आणखी एक जोडणी असते आणि तिच्यासाठी एक जास्तीची वायर लागते. मग ज्याला सगळ्यात जास्त लागतं त्याला सरळ टीव्हीची जागा द्यावी आणि ज्यांना कमी लागतं त्यांना स्विचवर एकत्र बसवावं. आमचा सेट-टॉप बॉक्स फुल एचडीचा. १०८०पी, सेकंदाला ६० चित्रं धरली तरी साडेचार गिगाबिटच्या आत भागतं. त्याला कुठलाही स्विच चालेल. कन्सोल थेट HDMI 2 ला गेला आणि भावाने त्याची सेटिंग परत `2160p - RGB` केली.

प्रश्न उरला स्टिकचा, कारण तीही ४के आणि एचडीआरची. मागून आणलेल्या स्विचवर ती अधूनमधून काळी होत होती. तिच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १०८०पी ठरवून दिलं आणि ती एकदम शांत झाली, एचडीआरसकट. आमचा टीव्ही ४३ इंची आणि सोफा नऊ फुटांवर. इतक्या अंतरावरून मला तरी ४के आणि १०८०पी यांत फरक सांगता आला नाही. ज्यांच्याकडे असा जुना स्विच घरात आहे त्यांनी नवा घेण्याआधी हे करून बघावं. आम्हाला हा स्विच परत द्यायचा होता, म्हणून नवा घ्यायलाच लागला.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेले. पहिल्या दुकानदाराने काढून दिला तो स्प्लिटर होता. दिसायला दोन्ही सारखेच डबे, पण स्प्लिटर एका उपकरणाचं चित्र दोन टीव्हींवर पाठवतो, आपल्याला हवं ते नेमकं उलटं. डब्यावर IN किती आणि OUT किती ते मोजावं. आपल्याला IN अनेक आणि OUT एकच हवं. पुढच्या दुकानात तीन IN आणि एक OUT असलेला मिळाला. घेताना मी चारच गोष्टी पाहिल्या: खोक्यावर १८ गिगाबिट आणि ४के ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलं असणं, एचडीसीपी २.२ चा उल्लेख, वेगळ्या ५ व्होल्ट अ‍ॅडॉप्टरची सोय आणि रिमोट. एचडीसीपी म्हणजे चोरून नक्कल होऊ नये म्हणून चित्राला लावलेलं कुलूप. ते जुन्या आवृत्तीचं पडलं तर स्टिकवरचे ४के सिनेमे १०८०पीवर उतरतात किंवा दिसतच नाहीत. मागून आणलेल्यापेक्षा हा चौपट महाग पडला. दुकानदाराशी बोलून ठेवलं होतं की घरी चाललं नाही तर बदलून देणार.

घरी आल्यावर आधी कन्सोलच या नव्या स्विचला लावला, `2160p - RGB` करून, एचडीआरचा तोच गेम सुरू करून. अर्धा तास एकही ठिपका नाही, एकदाही काळं नाही. हा पास झाला. मग कन्सोल परत टीव्हीवर आणि स्विचच्या १ नंबरला सेट-टॉप बॉक्स, २ नंबरला स्टिक. तिसरी जागा लॅपटॉपसाठी मोकळी ठेवली.

दोनच दिवसांत आईची तक्रार आली. संध्याकाळी टीव्ही लावला की मालिका सुरू होते न होते तोच चित्र आपोआप उडतं आणि सिनेमांची पोस्टरं दिसायला लागतात. मी शेजारी बसून पाहिलं. खरंच होतं: स्विचवरचा दिवा १ वरून २ वर सरकत होता, कोणी बटणाला हात न लावता.

असे स्विच आपोआप बदलणारे असतात. एखाद्या जागेवर नव्याने सिग्नल आला की ते तिकडे वळतात. आमच्या घरात "नव्याने" येत होती ती स्टिक. तिची वीज मी टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून घेतली होती, म्हणजे एक चार्जर वाचतो. पण टीव्ही बंद झाला की ती यूएसबीही मरते आणि स्टिकही. टीव्ही लावला की स्टिक पुन्हा जन्माला येते, काही सेकंदांत सिग्नल सोडते, आणि स्विचला वाटतं कोणीतरी नवीन आलंय. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केला तरी खरा बंद होत नाही. त्याची ५ व्होल्टची तार जिवंतच राहते, त्यामुळे तो कधीच नवा ठरत नाही. स्टिक भिंतीवरच्या प्लगला, तिच्याच चार्जरने लावली आणि चित्र उडणं त्याच दिवशी थांबलं.

यामुळे उलट बाजूने एक मर्यादा आली. दोन्ही उपकरणं कायम जागी, त्यामुळे आपोआप बदल जवळजवळ कधीच होत नाही, रिमोटने १ किंवा २ दाबावंच लागतं. मला हेच बरं वाटतं. लाइट जाऊन आली की मात्र दोघंही एकदम सुरू होतात आणि जो शेवटी उठतो त्याच्याकडे स्विच जातो. आमच्याकडे सेट-टॉप बॉक्स उठायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे पडदा आईकडेच जातो.

दुसरी मर्यादा सीईसीची. पूर्वी स्टिकच्या रिमोटवर घराचं बटण दाबलं की टीव्ही चालू होऊन बरोबर स्टिकवर यायचा. आता स्विच १ वर असेल तर ते होत नाही, कारण आमचा स्विच फक्त निवडलेल्या उपकरणाचीच तार टीव्हीला जोडतो आणि बाकीच्यांचे निरोप पोचत नाहीत. आधी स्विच २ वर न्यायचा, मग स्टिक. एआरसीवर याचा परिणाम झाला नाही, कारण साउंडबारची जागा मी स्विचपासून लांबच ठेवली. एआरसीचा आवाज टीव्हीकडून उलट दिशेने, वेगळ्या पिनवरून जातो, आणि साधे स्विच तो पुढे नेतीलच असं नाही.

बदलताना दोन-तीन सेकंद पडदा काळा राहतो, तो दोष नाही. टीव्ही आणि नवं उपकरण यांना दर वेळी ओळखपाळख आणि कुलूप-किल्ली नव्याने करावी लागते. आईला हे सांगितलं नव्हतं तेव्हा ती घाईने पुन्हा बटण दाबायची आणि सगळं आणखी लांबायचं. आता बटण दाबून ती पाच आकडे मोजते.

स्विच टीव्हीच्या मागे असल्याने रिमोट पोचत नव्हता. सोबत एक बारीक वायरीचा डोळा आला होता, तो टीव्हीच्या खालच्या कडेला दुहेरी चिकटपट्टीने लावला. स्विचला मी टीव्हीच्या सॉकेटवर लोंबकळू दिलं नाही, भिंतीवरच्या पट्टीला प्लास्टिकच्या टायने बांधलं, म्हणजे तीन वायरींचं वजन टीव्हीवर येत नाही. रिमोटवर १ च्या बाजूला "डिश" आणि २ च्या बाजूला "सिनेमा" असं कागद चिकटवून लिहिलं. भावाला या रिमोटची गरजच पडत नाही, तो टीव्हीच्या रिमोटने HDMI 2 घेतो आणि खेळतो.